३२ अक्षरांची लिमिट आणि मराठी कॅप्शन

रेसिपी व्हिडिओला कॅप्शन लिहीत होते, एका ओळीत ३२ कॅरेक्टर, जास्तीत जास्त दोन ओळी. कॅप्शन एडिटर सतत लाल रंग दाखवायचा आणि ओळ तर डोळ्याला छोटीच दिसायची. मग लक्षात आलं की तो काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो, पायथनमध्ये `len("स्त्री")` चं उत्तर ६ येतं! म्हणजे इंग्रजीवरून ठरवलेली लिमिट मराठीला खूपच कमी पडते.

क्लायंट लिमिट वाढवेना, मग शब्दच कापले. ट्रान्सक्रिप्टमध्ये होतं, "तर मग आता आपण काय करणार आहोत की ही जी कणीक आहे ती आपण झाकून ठेवणार आहोत वीस मिनिटं". हे दोन ओळींतही बसत नाही. मी लिहिलं, "आता कणीक झाकून २० मिनिटं ठेवूया", बरोब्बर ३१. 'तर मग', 'काय करणार आहोत की' असलं बोलण्यातलं भरताड आधी उडवायचं, वेळ आणि माप मात्र कधीच नाही.

दोन ओळी लागल्याच तर 'परतून घ्या' सारखी क्रियापदाची जोडी मधे तोडू नका, वरची ओळ छोटी राहिली तरी चालेल. आणि ओळी तोडायचं काम सॉफ्टवेअरवर तर अजिबात सोडू नका, ते फक्त आकडा बघतं.