खारं पाणी आणि छोटा फ्लॅट: फ्रंट लोड घ्यावं की टॉप लोड?

वाघोली, वाकड, हिंजवडी अशा भागात नवीन फ्लॅटसाठी वॉशिंग मशीन घ्यायला गेलं की दुकानदार पहिला सल्ला ठरलेला देतो: "बोअरचं पाणी आहे ना? मग फ्रंट लोड घेऊ नका, खराब होईल." हा सल्ला अर्धाच खरा आहे. पाण्याच्या क्षारांनी फ्रंट लोडच्या हीटरवर थर चढतो हे बरोबर, पण क्षारांचा त्रास टॉप लोडलाही होतो. तो मशीनपेक्षा कपड्यांवर जास्त दिसतो, एवढाच फरक. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी तीन गोष्टी मोजा: पाण्याचा जडपणा, नळाचा दाब आणि जागा.

पहिली पायरी: जडपणा मोजा, टीडीएस नव्हे

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यात साधं मीठही आलं. मशीनला त्रास देतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं हार्डनेस किट ऑनलाइन मिळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. खडकवासल्याचं किंवा मुंबईच्या तलावांचं पालिकेचं पाणी बरंच मऊ असतं. बोअर आणि टँकरचं जड. बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत दोन्ही एकत्र होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये, टँकर जास्त येतात तेव्हा मोजा. तोच आकडा खरा धरा.

आता हिशोब करू. समजा आकडा 400 आला. सात किलोचं फ्रंट लोड एका धुण्याला साधारण 55 लिटर पाणी घेतं, त्याच मापाचं टॉप लोड साधारण 120. म्हणजे फ्रंट लोडमध्ये एका धुण्याला 22 ग्रॅम क्षार येतात आणि टॉप लोडमध्ये 48. हे क्षार पावडरचा बराचसा भाग खाऊन टाकतात. टॉवेल कडक होणं, पांढरे शर्ट राखाडी दिसणं, काळ्या कपड्यांवर पांढुरके डाग पडणं हा त्याचाच परिणाम. टॉप लोडमध्ये पाणी दुपटीहून जास्त, म्हणून पावडरही जास्त लागते. जड पाण्यात लिक्विडपेक्षा पावडर बरी, कारण क्षार बांधून ठेवणारे घटक पावडरीत अधिक असतात. फ्रंट लोडमध्ये मात्र त्याचीच, कमी फेस होणारी पावडर घाला.

मग फ्रंट लोडचं नुकसान कुठे होतं? हीटरवर. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन घट्ट चिकटतं, तापमान जितकं जास्त तितकं वेगाने. बऱ्याच मशीनमध्ये 'कॉटन' हा प्रोग्रॅम आपोआप गरम पाण्यावर लावलेला असतो आणि घरची मंडळी रोज तोच दाबतात. रोजच्या कपड्यांना थंड किंवा 30 अंश निवडलं तर थर फार सावकाश चढतो. 60 अंश चादरी, टॉवेल, बाळाचे कपडे यांच्यासाठी राखून ठेवा. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला किंवा प्रोग्रॅम लांबू लागला, तर थर चढला असं समजा. दर दोन-तीन महिन्यांनी कंपनीची डीस्केलिंग पावडर रिकाम्या ड्रममध्ये टाकून गरम पाण्यावर एक फेरी चालवा. ब्लीच त्यात कधीही मिसळू नका.

आकडा 300 च्या वर असेल, तर माझ्या मते पाणी मऊ करणारा सॉफ्टनर घ्यावाच. इथे फसगत होते. मशीनच्या पाइपला लावायची पांढऱ्या गोळ्यांची छोटी कार्ट्रिज फॉस्फेटची असते. ती क्षारांना चिकटू देत नाही, पण जडपणा कमी करत नाही. जडपणा कमी करतो तो रेझिनचा सॉफ्टनर, जो मिठाच्या पाण्याने पुन्हा चार्ज करावा लागतो. एक लिटर रेझिन एका चार्जमध्ये ढोबळमानाने 50 ग्रॅम क्षार धरतं. पाच लिटरचा सॉफ्टनर म्हणजे 250 ग्रॅम: वरच्या उदाहरणात फ्रंट लोडची 11 धुणी, टॉप लोडची जेमतेम 5. आठवड्याला चार धुणी होत असतील, तर फ्रंट लोडला जवळपास तीन आठवड्यांनी मीठ घालावं लागेल, टॉप लोडला आठवडा-सव्वा आठवड्याने. त्यामुळे पाणी जड असेल आणि सॉफ्टनर लावणार असाल, तर फ्रंट लोडचं पारडं जड होतं. दुकानदाराच्या सल्ल्याच्या अगदी उलट!

दुसरी पायरी: नळाचा दाब

अनेक मॉडेलना निदान 0.3 बार दाब लागतो. टाकीच्या तळापासून नळापर्यंत तीन मीटर उंची असेल, तर साधारण तेवढा दाब मिळतो. पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असाल तर प्रश्नच नाही. अगदी वरच्या मजल्यावर, टाकीखालीच असाल, तर तो मिळणार नाही. त्यात सॉफ्टनर लावला की दाब आणखी घटतो. मग मशीन पाण्याची वाट बघत थांबतं आणि एरर दाखवतं. एलजीत तो 'IE' असा दिसतो. अशा घरात छोटा प्रेशर पंप लावा, नाहीतर टॉप लोड घ्या. टॉप लोडमध्ये नळ मंद असला किंवा पाणी ठरावीक वेळीच येत असलं, तरी बादलीने भरता येतं. फ्रंट लोडमध्ये ही सोय नाही.

तिसरी पायरी: ड्राय बाल्कनीचं माप

फ्रंट लोड साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 उंच असतं. खोली मॉडेलनुसार 45 ते 60. समोर दार उघडून माणूस वाकू शकेल एवढी जागा हवी, पण वर कपाट किंवा ओटा बसतो. टॉप लोडचं झाकण वर उघडतं, म्हणून वरची फळी आडवी येते. त्याला समोर मात्र फारशी जागा लागत नाही. ड्राय बाल्कनीच्या दाराची चौकट आधी मोजा, ती बऱ्याचदा सव्वादोन फुटांचीच असते. हीटरसाठी 16 अँपिअरचा सॉकेट आहे का तेही पाहा. फ्रंट लोडचा स्पिन जास्त वेगाचा असल्याने कपडे अर्धे वाळूनच बाहेर येतात. पावसाळ्यात घरात दोरी बांधणाऱ्या एक बीएचकेवाल्यांना हे फार उपयोगी पडतं.

आता ब्रँड

ब्रँड शेवटी निवडा. गोव्यात कारखाना असलेल्या आयएफबीच्या फ्रंट लोडमध्ये जड पाण्यासाठी अक्वा एनर्जी नावाचा भाग असतो; तो असला तरी सॉफ्टनर टाळता येईल असं धरू नका. व्हर्लपूलच्या काही टॉप लोडमध्ये जड पाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे. फ्रंट लोडमध्ये बॉश, एलजी, सॅमसंग यांच्यात माझी निवड सेवेवरून ठरेल: आपल्या पिनकोडला कंपनीचा स्वतःचा तंत्रज्ञ येतो की कंत्राटी, आणि हीटर, दाराचं रबर, ड्रेन पंप किती दिवसांत मिळतात. सोसायटीत तेच मशीन वापरणाऱ्या दोघा-तिघांना हे विचारा. मोटरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीत हीटर येत नाही. क्षारांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत आहे की नाही, हे कार्डावर वाचून घ्या. मशीन बसवताना, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायला लावा आणि ते जपून ठेवा. भाड्याचं घर बदलताना तेच पुन्हा लावावे लागतील.