टायरचा आकार बदलण्यापूर्वी एकूण व्यास कसा काढावा

मूळ टायरऐवजी थोडा रुंद टायर बसवताना तो उंचीलाही वाढतो का, हे दुकानात नुसते पाहून कळत नाही. मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांवरून ते घरीच काढता येते.

१. १८५/६५ आर१५ या आकारात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी आहे आणि ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. म्हणून १८५ × ०.६५ = १२०.२५ मिमी.

२. ही भिंत रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा येत असल्यामुळे तिची दुप्पट करावी: २४०.५ मिमी.

३. रिमचा व्यास इंचांत असतो, म्हणून १५ × २५.४ = ३८१ मिमी. दोन्हींची बेरीज ६२१.५ मिमी हा एकूण व्यास होय.

आता याच रीतीने १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४.५ मिमी येतो, म्हणजे सुमारे २.१ टक्के अधिक. परिणामी स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तितकाच कमी वेग दाखवतो. १९५/६० आर१५ चा व्यास ६१५ मिमी, म्हणजे फक्त एक टक्का कमी भरतो, त्यामुळे रुंदी वाढवायचीच असेल तर व्यासाच्या दृष्टीने हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

व्यास जुळला तरी टायर बसेलच असे नाही. रिमची रुंदी नव्या टायरला चालते का आणि त्याचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे अवश्य तपासावे, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर चाकाच्या कमानीला घासत नाही याची खात्री करावी.