अकरा वर्षांनी पुन्हा टॅलीसमोर बसताना

2012 साली मी जळगावच्या एका कारखान्यातली अकाउंटंटची नोकरी सोडली. तेव्हा व्हॅट होता आणि टॅलीचं ईआरपी 9 होतं. 2023 मध्ये परत काम शोधायला निघाले, तोवर व्हॅट जाऊन जीएसटीला सहा वर्षं झाली होती आणि टॅलीचं रूपही बदललं होतं. अकाउंट्समधून बाहेर पडून परत येणाऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. बाकी क्षेत्रांचं मला फारसं कळत नाही.

पहिली मुलाखत एमआयडीसीत होती. मालकांनी विचारलं, "मधली अकरा वर्षं काय केलं?" मी सगळं सांगत बसले. सासऱ्यांचा लकवा, मुलीचा जन्म, मिस्टरांची भुसावळला बदली, मग परत जळगाव. दहा मिनिटं तरी बोलले असेन. मालकांचं लक्ष केव्हाच मोबाइलमध्ये गेलं होतं. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "टू-बी जुळवता येतं का?" मला टू-बी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पिंप्राळ्याला घरी येईपर्यंत रिक्षात रडू दाबून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "रडून काय करू राहिली माय? ते टूबी का फूबी काय आहे, ते शिकून घे ना."

ते शिकायला मला तीन महिने लागले. ओळखीच्या एका कर सल्लागारांकडे रोज 11 ते 2 बसायची. पगार नाही, फक्त हात बसवायचा. सुरुवातीला नुसत्या कीबोर्डनेच घाम फोडला. गंमत म्हणजे बोटांना F5 पेमेंट, F8 सेल्स, F9 परचेस आठवत होतं, कारण ते बदललेलंच नाही. पण सवयीने क्रेडिट नोटसाठी Ctrl+F8 दाबलं की भलतंच उघडायचं. आता तिथे Alt+F6 लागतं. काही सापडेना तर Alt+G दाबायचं आणि हवं ते नाव टाइप करायचं, ही नव्या टॅलीतली मला सगळ्यात आवडलेली सोय. घरी सराव करायला टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट मिळतो. त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंद करता येते. शिकायला तेवढं पुरतं.

आता टू-बीविषयी. खरी भीती तिथेच असते आणि खरा धीरही तिथूनच येतो. आपण माल घेतो तेव्हा भरलेला कर आपल्या देण्यातून वजा मिळतो, तो इनपुट क्रेडिट. पण आपल्या वहीत नोंद आहे एवढ्यावर तो मिळत नाही. पुरवठादाराने त्याच्या GSTR-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात, आपलं बिल दाखवायला हवं. मासिक विवरण भरणाऱ्यांची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख. त्यावरून 14 तारखेला पोर्टलवर आपली GSTR-2B, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होते; हीच ती टू-बी. आणि 20 तारखेपर्यंत आपल्याला GSTR-3B, म्हणजे कर भरण्याचं विवरण, भरायचं असतं. म्हणजे जुळवणीला हातात राहतात सहाच दिवस.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात जुनी घंटा वाजली. व्हॅटच्या काळात J1 आणि J2 मध्ये पार्टीवार विक्री-खरेदी जुळवताना आम्ही रात्री आठ-आठपर्यंत थांबायचो. काम तेच आहे, फक्त तेव्हा वर्षातून एकदा व्हायचं ते आता दर महिन्याला होतं. कागदावर 'जुनं झालेलं' दिसणारं माझं कौशल्य खरं तर चालू होतं, त्याचं नाव तेवढं बदललं होतं.

तिसऱ्या महिन्यात कर सल्लागार सरांनी पाइप फिटिंगच्या एका छोट्या कारखान्याची जुळवणी मला एकटीला दिली. वहीत क्रेडिट 1,84,600 रुपये, टू-बीत 1,71,100. फरक 13,500. आधी मी एकेक बिल वरून खाली ताडत बसले आणि तासभर गेला. मग सरांनी सांगितलं, आधी दोन याद्या करा: वहीत आहे पण टू-बीत नाही, आणि टू-बीत आहे पण वहीत नाही. मग दोन्ही याद्यांत तोच जीएसटी नंबर आणि तीच रक्कम दिसते का बघा. तसं दिसलं तर बहुतेक बिल नंबर टाइप करताना चूक झालेली असते. असं एक बिल निघालं, कोणीतरी 147 चं 174 केलं होतं. त्याने फरकाच्या रकमेत काही बदल होत नाही, पण दोन्ही याद्या फुगतात आणि माणूस घाबरतो.

खरा फरक दोनच ठिकाणी होता. 25,000 रुपयांचं एक बिल, 18 टक्क्यांनी कर 4,500, वहीत दोनदा चढलं होतं; एकदा बिलावरून आणि एकदा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून. दुसरं बिल 50,000 चं, कर 9,000. ते वहीत बरोबर होतं, पण टू-बीत नव्हतंच. पुरवठादाराला फोन केला तेव्हा कळलं की तो विवरण तिमाहीने भरतो आणि मधल्या महिन्याची बिलं त्याने चढवली नव्हती. म्हणजे 4,500 ची नोंद रद्द केली, 9,000 पुढे ठेवले आणि त्या महिन्याला 1,71,100 चंच क्रेडिट घेतलं. मालकाला हे पटवणं जुळवणीपेक्षा अवघड. "मी पैसे दिलेत ना त्याला!" हे तो चार वेळा म्हणाला.

पुढच्या मुलाखतीला मी ही जुळवणी कोऱ्या नावांनी एका पानावर छापून नेली. पार्टीची खरी नावं कधीही नेऊ नका, ते पाहून मालक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. बायोडेटात मधली वर्षं लपवली नाहीत. नोकरीच्या यादीतच एक ओळ टाकली: '2012 ते 2023, घरच्या आजारपणामुळे आणि मुलीसाठी पूर्णवेळ काम नाही, 2023 मध्ये तीन महिने जीएसटी जुळवणीचा सराव.' अकरा वर्षांचा प्रश्न आलाच. मी म्हणाले, "सासऱ्यांचं आजारपण आणि मुलगी लहान, म्हणून थांबले होते. आता सासरे नाहीत, मुलगी सातवीत आहे. गेले तीन महिने टू-बी करतेय, हे बघा." आणि पान पुढे केलं. पुढची वीस मिनिटं ते फक्त त्या पानावर बोलले.

"मार्च एंडिंगला उशिरापर्यंत थांबाल का?" हा प्रश्न बायकांनाच विचारतात, राग येतो. मी सांगितलं, 14 ते 20 तारखेला आठपर्यंत थांबेन, एरवी साडेसहाला निघेन. उगीच हो म्हटलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात तोंडघशी पडले असते. पगार मी 18,000 मागितला, त्यांनी 12,000 म्हटलं. 14,000 वर ठरलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं हे नेमणूकपत्रात लिहून घेतलं. तोंडी ठरलेलं सहाव्या महिन्यात कुणाला आठवत नाही.

जुन्या कंपनीचं अनुभवपत्र माझ्याकडे नव्हतं, ती कंपनीही बंद झाली. जुना फॉर्म 16 आणि पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक दाखवलं, ते चाललं. रुजू होताना पीएफचा फॉर्म 11 भरायला देतात, त्यात आधी पीएफ होता का ते विचारतात. मी सोडलं तेव्हा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, नव्हताच; तो 2014 मध्ये आला. त्यामुळे जुना खाते क्रमांक पगाराच्या जुन्या स्लिपवरून शोधावा लागला. ती स्लिप सापडली शिलाई मशीनच्या खणात, ब्लाउजच्या मापांच्या कागदांखाली.