रायगडावरच्या माहितीपटाचं निवेदन लिहिताय? या चुका टाळा

रायगडावर माहितीपट करायचा म्हटलं की हिरकणी येतेच, आणि संहितेतली मोठी गफलत बहुतेकदा तिथेच होते. '६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला' आणि 'हिरकणी रात्री कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेली' ही दोन्ही वाक्यं एकाच ठाम सुरात वाचली जातात. पहिल्याला समकालीन आधार आहे, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा आहे. जाणकार प्रेक्षक तिथे अडखळतो, आणि मग पुढच्या खऱ्या तारखाही त्याला संशयास्पद वाटू लागतात.

म्हणून प्रत्येक वाक्याला 'असं म्हणतात' जोडत बसू नका, त्याने कथेचा जीवच जातो. ती निवेदकाकडून काढून घ्या. पायथ्याच्या गावातल्या एखाद्या आजींना ती त्यांच्या बोलीत, न थांबवता सांगू द्या. निवेदकाकडे एवढंच ठेवा: 'बुरुजाला हिरकणीचं नाव आहे. तिची गोष्ट जुन्या कागदांत नाही, इथल्या माणसांच्या तोंडी आहे.' कथेची शान राहते आणि इतिहासाशी प्रतारणाही होत नाही.

दुसरी चूक 'मी'ची. 'गडावर पाऊल ठेवलं आणि अंगावर काटा आला' हे वाक्य राजगडावरही चालेल, तोरण्यावरही. गडाचं नाव बदलून वाक्य तसंच चालत असेल तर ते खुशाल काढा. स्वतःचा अनुभव हवा असेल तर तो एखाद्या वस्तूला बांधा. जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' असं कोरलंय आणि पुढे गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव आहे. तिथे एवढं लिहा: 'दर्शनाला आलो आणि त्या नावावर पाय पडणार एवढ्यात थबकलो. गड बांधणाऱ्याने नाव कोरायला पायरी निवडली होती.' हिरोजींच्या मनात काय होतं, ते मात्र लिहू नका. ते कुठे नोंदलेलं नाही, आणि पायरी पाहिल्यावर प्रेक्षकाला सांगावंही लागत नाही.

आता लांबीचं. मराठी निवेदन सावकाश वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. म्हणजे पायरीचा शॉट वीस सेकंदांचा असेल तर चाळीस शब्द मावतील, पण वारा आणि घंटा ऐकू यायला हवी, म्हणून पंचवीसवर थांबा. वरचा नमुना सोळा शब्दांचा आहे. तारखाही संहितेत अक्षरांत लिहा: 'सोळाशे चौऱ्याहत्तर'. आकडा कागदावर चिमुकला दिसतो, तोंडात मात्र लांबतो, आणि डबिंगला बसल्यावर शॉट अपुरा पडतो. रफ कट लावून मोबाइलवर स्वतःच एकदा वाचून रेकॉर्ड करा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा, आणि जिथे दिसतंय तेच बोललं जातंय, उदाहरणार्थ 'हा समोर गंगासागर तलाव', तिथे ओळ पुसून टाका.