चहातली साखर, शनिवारचा पव्वा आणि कोलाची बाटली: कॅलरीचा हिशोब घरीच कसा करायचा

वजन कमी करायचं म्हटलं की आपण पहिल्यांदा पोळ्या मोजायला लागतो, चारच्या तीन करतो, भात बंद करतो, आणि जे पितो ते मात्र कुणी मोजतच नाही. आणि प्यायलेल्या गोडाचं एक वाईट आहे, पोट भरत नाही. कोलाची बाटली संपवली म्हणून कुणी जेवताना एक पोळी कमी घेत नाही, त्या कॅलरी जेवणाच्या वर जाऊन बसतात.

इथे इंदुरातल्याच आमच्या एका काकांचा आठवडा घेतो. सुदामा नगरला राहतात, नोकरी आहे, घरी काका-काकू दोघंच. सकाळ-दुपार घरी चहा, ऑफिसात दिवसाला तीन कट, शनिवारी रात्री मित्राबरोबर एक बैठक. आपल्याकडच्या कितीतरी घरांत साधारण हेच चालतं म्हणून हा नमुना बरा आहे.

सुरुवात चहापासून करायची, दारूपासून नाही. दारू आठवड्यातून एकदा, चहा रोज.

आता चहातली साखर मोजायची कशी? "तुम्ही किती चमचे घालता" असं विचारू नका, त्याला काही अर्थ नाही, कारण चमचा म्हणजे काय हे प्रत्येक घरात वेगळं असतं. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात 4-5 ग्रॅम साखर बसते आणि तोच शीग लावून भरला की 7-8 ग्रॅम. काकू म्हणाल्या मी तर कपाला एकच चमचा घालते, आणि खरंच एकच घालत होत्या, पण डोंगर केलेला. म्हणून उपाय असा की चहाच्या साखरेचा डबा वेगळा करायचा, त्यात किराणावाल्याकडून 500 ग्रॅमचं पाकीट आणून रिकामं करायचं, झाकणावर तारीख लिहायची आणि त्या डब्यातली साखर शिऱ्याला, लिंबू सरबताला, कशालाच घ्यायची नाही. पाहुणे आले तर त्यांचे कप कॅलेंडरवर रेघ मारून ठेवायचे. डबा संपला की एकूण कप मोजायचे आणि 500 ला तेवढ्याने भागायचं, झालं.

काकांकडे डबा 15 दिवस पुरला. दोघांचे रोजचे मिळून 4 कप, म्हणजे 60 कप. कपाला 8 ग्रॅमपेक्षा थोडी जास्तच. साखरेच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणजे कपामागे नुसत्या साखरेच्या 32-33. ऐकायला काहीच नाही, नाही का? पण ऑफिसातले कट पण धरा. टपरीवरचा कट छोटा असतो पण गोड दणदणीत, त्यात 7 ग्रॅम धरायला हरकत नाही. घरचे आठवड्याचे 14 कप आणि बाहेरचे 18 कट मिळून एकट्या काकांच्या पोटात आठवड्याला जवळजवळ 240 ग्रॅम साखर गेली, 950 कॅलरी. पाव किलो साखर वाटीत काढून समोर ठेवली तेव्हा काका गप्प बसले.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. 2000 कॅलरी खाणाऱ्याला 5 टक्के म्हणजे दिवसाला 25 ग्रॅम. काकांचे नुसत्या चहातच 34 होत होते, पोह्याबरोबरची जलेबी तर अजून धरलीच नाहीये.

कमी कसं करायचं? एकदम फिका चहा प्यायला लागू नका, चार दिवसात सोडून द्याल. आधी शीग काढायची, चाकूच्या पाठीने चमचा सपाट करायचा, फक्त एवढ्याने 8 चे 5 होतात आणि पहिले दोन-तीन दिवस सोडले तर जीभ कुरकुर करत नाही. मग आठवडा-दीड आठवड्याने पाव चमचा कमी, परत थांबायचं. जीभ हळूहळू जुळवून घेते, नंतर जुना चहा पाकासारखा लागतो. दुसरं म्हणजे साखर पातेल्यात घालायची नाही, कपात घालायची. पातेल्यात कमी घातली की घरातला कुणीतरी भांडतोच आणि दोन दिवसांनी सगळं मूळपदावर. कपात घातली की ज्याची त्याची साखर ज्याच्या त्याच्याकडे. आलं, वेलची, गवती चहा जास्त टाका, फिकेपणा जाणवत नाही.

टपरीवर मात्र "भिया शक्कर कम" म्हणून उपयोग नाही, कारण त्याचं भगोनं आधीच गोड करून उकळत असतं. तिथे दोनच मार्ग, एकतर तो फिका वेगळा करून देत असेल तर तो घ्यायचा, नाहीतर तीनचे दोन कट करायचे. काकांनी दुपारचा कट सोडला.

गूळ घातला तर चालेल का हे सगळेच विचारतात. गुळात पण 100 ग्रॅमला 380 च्या आसपास कॅलरी आहेत, साखरेत 400. चवीसाठी घाला, वजनासाठी काही फरक नाही, उलट गुळाचा खडा जरा मोठाच पडतो. गोळीवाली स्वीटनर घेतली तर चहातल्या कॅलरी जातात हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. माझं मत विचाराल तर साखर कमी करताना महिनाभर आधार म्हणून ठीक, कायम नको, कारण गोडाची सवय तशीच राहते. दुधाला मात्र हात लावू नका. अर्धा कप टोन्ड दुधाच्या 45 च्या आसपास कॅलरी येतात पण त्यात प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, साखरेत काय आहे?

आता शनिवार. मध्य प्रदेशात 2023 पासून अहाते बंद झाले, त्यामुळे बऱ्याच लोकांच्या बैठका घरी आल्या, आणि घरी पेग मापाने कुणी ओतत नाही. म्हणून पेग मोजू नका, बाटली मोजा. पव्वा म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे पव्व्यात 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात 61 ग्रॅम, आणि अल्कोहोलच्या ग्रॅमला 7 कॅलरी, साखरेच्या पावणेदोन पट. पव्वा झाला 425 कॅलरीचा, 60 मिलीचा लार्ज 140 चा. व्हिस्की, रम, वोडका, जिन, टक्के सारखे असले की कॅलरी सारख्याच, "वोडका हलकी असते" वगैरे सगळं चकण्याबरोबरचं ज्ञान आहे. पाणी जास्त घातलं तरी आकडा हलत नाही, फक्त हळू प्यायली जाते. बिअरचं वेगळं, 650 मिलीच्या 8 टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्याच 285 च्या वर कॅलरी असतात, धान्यातून आलेली साखर-स्टार्च धरली तर साडेतीनशेच्या आसपास जाते. म्हणजे दोन बाटल्या म्हणजे एक जेवण.

काका कोला घालून घेतात. तीन पेगमध्ये मिळून 450 मिली कोला गेला तर त्याचे 190 च्या वर. हे तुम्ही स्वतः बघू शकता, बाटलीच्या मागे 100 मिलीला किती एनर्जी आणि किती शुगर ते छापलेलं असतं, कोलाला साधारण 43-44 कॅलरी असतात, फक्त ते 100 मिलीचं आहे, बाटलीचं नाही, तिथेच लोक फसतात. टॉनिक वॉटरला कडवट चव असली तरी त्यात साखर असते, सोड्यात नसते.

आणि सेव! इंदुरात सेवेशिवाय बैठक होते का. लौंग सेव 100 ग्रॅम म्हणजे 550 कॅलरीच्या आसपास, बोलता बोलता पाकीट कधी संपतं कळत नाही. काकांचा शनिवार असा निघाला: पव्वा 425, कोला 195, सेव 550, एकूण 1170, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा दारूचा नाहीच, सेवेचा आहे. सेवेऐवजी खारे शेंगदाणे घेतले तर काही वाचत नाही, ते पण तेवढेच. भाजलेले चणे मूठभर, 40 ग्रॅम, 150 कॅलरी, बरोबर काकडी-मुळा-लिंबू.

बदल केले ते एवढेच: कोलाच्या जागी सोडा आणि लिंबू, सेवेच्या जागी चणे, पव्व्याच्या जागी मापाच्या ग्लासाने ओतलेले दोन लार्ज आणि दोन्हीच्या मध्ये एक ग्लास पाणी. शनिवार 1170 वरून 435 वर आला. चहात घरचा कप 8 वरून 4 ग्रॅमवर आणि एक कट कमी, तिथे आठवड्याला 390 वाचले. एकूण 1100 च्या वर. याने महिन्यात पाच किलो उतरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण पोळीला हात न लावता एवढं निघतं. घसरायची जागाही ठरलेली आहे, चहातली साखर कमी झाली की बशीत दोन बिस्किटं जास्त येतात, आणि मग हिशोब जिथल्या तिथे.

सराफ्यातली शिकंजी लिंबाची समजून पिऊ नका, बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगावंच लागतं. ती आटवलेल्या दुधाची, सुक्यामेव्याची असते, ती पेय नाही मिठाई आहे, त्या दिवशी रबडी-जलेबी नको एवढंच बघा. उसाचा रस 300 मिली म्हणजे साधारण 40 ग्रॅम साखर, कोलापेक्षा बरा असेल या समजुतीने दोन ग्लास मारू नका. उन्हाळ्यात घरचं ताक, जिरं-पुदिना-काळं मीठ घालून, त्याला तोड नाही.

बडोद्याच्या नातेवाईकांना दारूबंदीमुळे शनिवारचा भाग लागू नाही, त्यांनी चहा आणि कोल्ड्रिंक बघावं. आणि जे पीत नाहीत त्यांनी "दोन पेग चालतात" असा अर्थ या लेखातून काढू नये, आरोग्याच्या दृष्टीने दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही.

डायबिटीस असणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट वाचा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना, त्यातही रिकाम्या पोटी दारू घेतली तर रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं चढलीये म्हणून झोपलेत. आपल्या गोळ्या त्यातल्या आहेत का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. दुसरं, शुगर खाली गेल्यावर घाम, थरथर सुरू झाली तर डाएट कोला किंवा स्वीटनरचा चहा काहीही कामाचा नाही, तेव्हा खरी साखरच पाण्यात विरघळवून द्यायची, तीन सपाट चमचे, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, सरळ 108 ला फोन लावायचा.