ग्लुकोमीटर घेतलाय? मग अण्णांनी केल्या त्या चुका टाळा

माझं मेडिकलचं दुकान आहे. ग्लुकोमीटर विकताना मी गिऱ्हाईकाला हमखास विचारतो की दिवसातून किती वेळा तपासायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते नाही विचारलं, घरी असलेलं बरं म्हणून घेतोय." आमच्या कॉलनीतल्या अण्णांचं उत्तरही हेच होतं. अण्णा जिल्हा परिषदेत क्लार्क होते, आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेलं, रिटायर झाल्यावर शुगर निघाली आणि ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. मीटर घरी गेला त्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आखली: तारीख, वेळ, रीडिंग, शेरा. १४० च्या वरचं सगळं लाल शाईत. हा १४० कुठून आणला ते त्यांनाच माहीत.

चौथ्या दिवशी अण्णा दुकानात हजर, २५ स्ट्रिपची डबी संपली म्हणून. वर तक्रार अशी की मशीन खोटं बोलतंय. एकाच बोटातून लागोपाठ दोन थेंब घेतले, एक आला १४२ आणि दुसरा १५६, मग खरं कुठलं?

दोन्ही खरी, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. घरगुती मीटरसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, २०१३ चं) त्यात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, १०० च्या खाली १५ पॉइंट, आणि तेही शंभरातल्या ९५ रीडिंगना, उरलेली पाच त्याच्याही बाहेर जाऊ शकतात. म्हणजे लॅबमध्ये १५० असेल तर घरी १२८ ते १७२ मधलं काहीही दिसलं तरी मीटर चांगलाच म्हणायचा. पण अण्णांनी हयातभर पैशाचा हिशोब जुळवलेला, त्यांना १४ चा फरक म्हणजे अफरातफर वाटली आणि ती शोधायला त्यांनी तिसरं बोट टोचलं.

आंबा खाल्ला नव्हता, नुसता चिरला होता

एका दुपारी जेवणाआधी रीडिंग आलं २१४. अण्णांना घाम फुटला, काकूंनी मला फोन लावला. मी विचारलं आत्ता काय करत होता, तर म्हणे नातवंडांसाठी आंबे चिरत होतो, स्वतः फोडसुद्धा तोंडात टाकली नाही. हात धुतले का? तर कापसावर सॅनिटायझर घेऊन बोट पुसलं होतं. नुसत्या पुसण्याने फळाची साखर पूर्ण निघेलच असं नाही. रक्ताचा थेंब इवलासा असतो, बोटावर रसाचा अंश राहिला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. साबण आणि पाण्याने हात धुवायला लावले, टॉवेलने कोरडे करायला लावले, दुसऱ्या हाताचं बोट घ्यायला सांगितलं. आकडा आला १३८.

हात ओले ठेवू नका, पाण्यानेही थेंब पातळ होतो. आणि थेंब येत नाही म्हणून बोट लिंबासारखं पिळू नका, पिळल्यावर रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवला, कोमट पाण्याने धुतला आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचलं की थेंब आपोआप येतो, दुखतंही कमी.

अजून एक गंमत. काकूंच्या औषधांचा तो सोमवार-मंगळवार लिहिलेला प्लॅस्टिकचा डबा असतो ना, तसलाच एक आणून अण्णांनी त्यात रोजच्या स्ट्रिप मोजून भरून ठेवल्या, नीटनेटकेपणा म्हणून. स्ट्रिपवर एन्झाइम असतं, ते दमट हवेने खराब होतं, म्हणून तर कंपनी तिला घट्ट झाकणाच्या डबीत देते आणि ओलावा शोषणारं द्रव्य त्या डबीतच बसवलेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडे पापड मऊ पडतात तिथे स्ट्रिपचं काय होत असेल. एक काढली की लगेच झाकण लावायचं, आणि डबी उघडल्याची तारीख वर लिहायची, कारण उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर दिलेलं असतं आणि ते एक्सपायरीच्या आधीही संपू शकतं.

मीटरवर खरंच शंका असेल तर घरी दहा वेळा तपासून काही कळत नाही. उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायला जाल तेव्हा मीटर सोबत न्या, तिथेच पाच मिनिटांच्या आत बोट टोचा आणि रिपोर्ट आला की दोन आकडे शेजारी ठेवा. १५ टक्क्यांत असले की विषय संपला. जेवणानंतर ही तुलना करू नका, तेव्हा बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्या आकड्यात मुळातच फरक असतो.

खरी गडबड इथे झाली

हे सगळं सांगूनही अण्णांचं टोचणं दिवसाला आठ-नऊ वेळांवर गेलं. जेवून पाऊण तासाने बघायचे आणि २०० च्या पुढचा आकडा पाहून हादरायचे, खरं तर तेव्हा शुगर चढणीवरच असते, जेवणानंतरचं रीडिंग पहिल्या घासापासून दोन तास मोजून घ्यायचं असतं. मग रात्री झोप नाही, आणि काळजी नि जागरणाने शरीरात जी हार्मोन्स वाढतात ती यकृताला साखर सोडायला लावतात, म्हणजे सकाळचा आकडा अजून चढा, म्हणजे अजून एक स्ट्रिप.

एका संध्याकाळी साडेसातला १९२ आला. अण्णांनी ठरवलं आज जेवायचंच नाही, पण गोळी मात्र घेतली, शुगर उतरायला पाहिजे म्हणून. मेटफॉर्मिन एकटं असतं तर बहुधा निभावलं असतं. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात का याची ते वाट बघत नाही. रात्री दोनला घाम, हातापायाला कंप, बोलणं थोडं असंबद्ध. काकूंनी तपासलं तर ६१. काकू शहाण्या, त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली (माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तरच असं पाजायचं, नाहीतर सरळ दवाखाना), पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८८, मग दूध-पोळी दिली. माझ्या मते सगळ्या वहीत कामाचे आकडे हे दोनच, ६१ आणि ८८, आणि दोन्ही काकूंनी घेतलेले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी ती वही पाहिली, तीन पानं लाल. त्यांनी विचारलं, "अण्णा, यातल्या कुठल्या आकड्यावर तुम्ही मला फोन केलात?" एकाही नाही. एचबीएवनसी करवलं, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ते निघालं ६.९. या वयाला बऱ्यापैकी आटोक्यात.

मग त्यांनी वेळापत्रक लिहून दिलं. आठवड्यातून दोन दिवस, त्या दिवशी फक्त दोनदा: सकाळी उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर दोन तासांनी, जेवण दर वेळी वेगळं. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असेल तर काहीच करायचं नाही. एखादा आकडा वर गेला तर नुसतं लिहायचं, तीन वेळा लागोपाठ वर गेला तर फोन. मनाने गोळी वाढवायची नाही, मनाने जेवण टाळायचं नाही, आणि काही कारणाने जेवण होणारच नसेल तर गोळीचं काय करायचं ते आधी विचारायचं. ठरल्या वेळेबाहेर तपासायचं ते फक्त कंप-घाम-गरगरल्यासारखं झालं, ताप-उलट्या झाल्या किंवा नवीन औषध सुरू झालं तर, आणि ७० च्या खाली आलं की आधी साखर, फोन नंतर.

अण्णांचा पहिला प्रश्न होता, "मग शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?" बाई म्हणाल्या, काय खाल्लं ते लिहा.

हे वेळापत्रक अण्णांच्या गोळीसाठी आहे हं, इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उचलू नये, त्यांना दिवसातून तीन-चार वेळासुद्धा तपासावं लागतं आणि त्यावर डोस ठरतो. तुमचं काय ते प्रिस्क्रिप्शनवर लिहूनच घ्या, म्हणजे स्ट्रिप किती लागतील ते मलाही सांगता येईल.