मोजक्या मोठ्या कंपन्यांना लिंक्डइनवरून गाठताना या चुका टाळा

आमचं सॉफ्टवेअर गेज कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची उपकरणं ठरल्या तारखांना तपासल्याच्या, नोंदी ठेवतं. गिऱ्हाईक म्हणजे वाहनांचे सुटे भाग बनवणारे मोठे कारखाने, बहुतेक चाकण आणि वाळूजचे. यादीत कंपन्या बाराच. यादी एवढी छोटी असली की एक कंपनी हातची गेली तर तिच्या जागी दुसरी सापडत नाही, आणि पहिल्याच वर्षी एक कंपनी आम्ही जवळजवळ घालवली होती.

झालं असं, की त्या कंपनीत आमच्या दोन सहकाऱ्यांनी सोमवार ते बुधवार मिळून अकरा जणांना कनेक्शनची विनंती पाठवली. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त नाव बदललेलं. शुक्रवारी क्वालिटी विभागाच्या प्रमुखांचं उत्तर आलं. त्यात एक स्क्रीनशॉट होता आणि आमचे तीन निरोप एकाखाली एक लावलेले होते. खाली लिहिलं होतं, "आमच्या तिघांना हेच आलंय. तुम्हाला नक्की कोणाशी बोलायचंय?"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एका खात्यातली माणसं एकाच कँटीनमध्ये जेवतात. शंभर कंपन्यांत एकेका माणसाला एकसारखा निरोप गेला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही, पण एकाच कंपनीत तो तासाभरात उघडा पडतो. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कंपनीची एक शीट ठेवतो. माणूस कोण, त्याचं काम काय, त्याची अडचण काय असावी, आमच्याकडून कोण बोलणार, कधी लिहिलं आणि पुढे काय झालं, एवढंच त्यात असतं. एका कंपनीशी आमचा एकच माणूस बोलतो. एका वेळी दोघांनाच लिहायचं, तेही वेगवेगळ्या कामाच्या दोघांना, आणि त्यांच्यापैकी कोणाकडून काही कळेपर्यंत किंवा दहा दिवस उलटेपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही.

दुसरी चूक माणूस निवडण्यातली. नवीन मुलं पदनाम बघून थेट प्लांट हेडला लिहितात. आमच्या मालाची खरी गरज स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांची खोली, सांभाळणाऱ्याला असते. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज अशा शेकडो उपकरणांच्या तारखा तो एक्सेलमध्ये ठेवतो. ऑडिटर लाइनवर जातो, एखादं व्हर्निअर उचलतो, त्यावरच्या स्टिकरची तारीख वाचतो आणि नोंद मागतो. तारीख उलटून गेलेली निघाली तर आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये ते नॉन-कन्फॉर्मिटी म्हणून लागतं. ही धास्ती आधी त्याला असते, मग क्वालिटी मॅनेजरला. प्लांट हेडपर्यंत ती फार पुढे पोचते. आयटीला डेटा कुठे राहणार याची काळजी असते आणि परचेसला व्हेंडर नोंदणीची. म्हणून सुरुवात पहिल्या दोघांपासून करायची, पण पुढच्या दोघांची नावं पहिल्या दिवसापासून शीटमध्ये असू द्यायची.

इथे लिंक्डइनची एक मर्यादा आडवी येते. स्टँडर्ड रूममधली बरीच माणसं तिथे नसतात, किंवा प्रोफाइल बनवून विसरलेली असतात. विनंती पाठवण्याआधी प्रोफाइलवरची हालचाल बघा. लिंक्डइनची सेल्स नेव्हिगेटर ही सशुल्क सेवा घेतली असेल तर `Posted on LinkedIn` हा फिल्टर लावा. ज्याच्या प्रोफाइलवर वर्षभरात काहीच घडलेलं नाही, त्याला विनंती पाठवून वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी फोन बरा. आणि कंपनीचं पान नीट तपासा. मोठ्या समूहांची अनेक पानं असतात, लोक समूहाचं नाव लावतात पण काम करतात भलत्याच राज्यातल्या प्लांटमध्ये, आणि नोकरी सोडलेले काही जण ते बदलतही नाहीत. मीही एकदा असाच तीन आठवडे एका सज्जनांच्या मागे होतो. ते दीड वर्षापूर्वीच दुसऱ्या कंपनीत गेले होते.

तिसरी चूक म्हणजे विनंती स्वीकारली की पाचव्या मिनिटाला माहितीपत्रक आणि "पंधरा मिनिटं द्याल का?" आमचा जुना निरोप असा होता: "नमस्कार सर, आम्ही कॅलिब्रेशन मॅनेजमेंटची संपूर्ण डिजिटल सेवा देतो. डेमोसाठी वेळ कळवावी." यात समोरच्याबद्दल एक अक्षर नाही. आता आम्ही लिहितो: "नमस्कार सर, तुमच्या वाळूज प्लांटमध्ये नवी लाइन सुरू झाल्याचं वाचलं. नवे गेज आले की त्यांच्या तारखा जुन्याच शीटमध्ये बसवता, की वेगळी शीट करता? आमच्या ओळखीच्या प्लांटमध्ये दोन शीट झाल्या की तारखा चुकायला लागतात, म्हणून विचारतोय." याला उत्तर द्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि उत्तरातून आपल्याला त्याची पद्धत कळते. डेमोची गोष्ट त्यानेच काढावी, किंवा दोन-तीन देवाणघेवाणींनंतर आपण. फुकट खात्यात महिन्याला मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते, त्यामुळे ती याच बारा कंपन्यांसाठी राखून ठेवा.

काम अडलं की बहुतेक जण आणखी निरोप पाठवतात. त्याआधी नेमकं कुठे अडलंय ते बघा. विनंत्याच पडून राहत असतील तर दोष माणसाच्या निवडीत किंवा आपल्या प्रोफाइलमध्ये आहे. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत "बिझनेस डेव्हलपमेंट" एवढंच लिहिलं असेल तर समोरचा पुढे वाचतच नाही. तिथे कोणाचं कोणतं काम सोपं करता ते लिहा. घाईघाईत विनंती मागे घेऊन पुन्हा पाठवायचा विचार असेल तर थांबा: मागे घेतल्यावर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत नवी विनंती पाठवता येत नाही. विनंती स्वीकारली पण उत्तर नाही, तर दोष निरोपात आहे. उत्तरं येतात पण भेट ठरत नाही, तर बहुधा तो माणूस एकटा ठरवू शकत नाही आणि तसं बोलून दाखवत नाही. अशा वेळी "अजून कोणाला बरोबर घेऊ या का?" हे विचारणं कामी येतं. भेटी झाल्या, सगळे खूश, आणि मग महिनाभर शांतता पसरली, तर शीटमधले आयटी आणि परचेसचे रकाने बघा. आमच्याकडे ते दरवेळी रिकामे निघायचे.

आपोआप विनंत्या पाठवणारी साधनं लावू नका. लिंक्डइनच्या अटींमध्ये त्यांना मनाई आहे आणि खातं बंद होऊ शकतं. बारा कंपन्यांसाठी त्यांची गरजही नाही. जाहिरातींचंही तसंच आहे. निवडलेला वर्ग किमान ३०० सदस्यांचा नसेल तर जाहिरात चालतच नाही, आणि एका प्लांटचा क्वालिटी विभाग तेवढा नसतो.

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या त्या साहेबांना मी त्याच दिवशी उत्तर दिलं: चूक आमची आहे, यापुढे तुमच्या कंपनीशी मी एकटाच बोलेन, आणि तुम्ही म्हणाल त्याच माणसाशी. उत्तर आलं नाही. चार महिने आम्ही तिथे कोणालाच लिहिलं नाही. पाचव्या महिन्यात त्यांच्या स्टँडर्ड रूमच्या इन्चार्जनी ऑडिटच्या तयारीबद्दल एक पोस्ट टाकली. मी खाली फक्त एवढंच विचारलं, की उधार दिलेल्या गेजची नोंद कशी ठेवता. त्यांनी मराठीत सविस्तर उत्तर लिहिलं आणि आठवड्यानंतर स्वतःच फोन नंबर पाठवला. डेमोला ते साहेबही येऊन बसले. आयटीने सर्व्हर कुठे आहे ते विचारलं, त्याची उत्तरं दिली. सध्या व्हेंडर नोंदणीचे कागद परचेसकडे आहेत.